फळ्यावरच्या दोन रेघा: प्रशिक्षणाची चार तत्त्वं आठवी-नववीच्या मुलांना कशी शिकवावीत

‘ओव्हरलोड म्हणजे काय?’ असं नववीच्या वर्गाला विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘दमून पडेपर्यंत व्यायाम करणं.’ यात मुलांची चूक नाही, शब्दाचीच खोड आहे. लिफ्टमध्ये माणसं जास्त झाली की ‘ओव्हरलोड’चा दिवा लागतो आणि लिफ्ट जागची हलत नाही. मराठी पुस्तकातला ‘अतिभार’ तर आणखी घोटाळा करतो, कारण ‘अति’ म्हटलं की पुढे माती ठरलेलीच. मी वर्गात ‘वाढीव भार’ म्हणतो. परीक्षेत ‘ओव्हरलोड’ लिहायचं, डोक्यात ‘वाढीव भार’ ठेवायचं.

दुसरी अडचण म्हणजे मुलांना चारही तत्त्वांच्या व्याख्या पाठ असतात: ओव्हरलोड, प्रोग्रेशन म्हणजे भार टप्प्याटप्प्याने वाढवणं, स्पेसिफिसिटी म्हणजे ज्याचा सराव तेच सुधारणं, आणि रिव्हर्सिबिलिटी म्हणजे सराव सुटला की कमावलेलं ओसरणं. पण ओव्हरलोड आणि प्रोग्रेशन यांत फरक काय, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. चार व्याख्या चार वेगवेगळ्या तासांना, चार वेगवेगळ्या खेळांची उदाहरणं देऊन शिकवल्या की हे होणारच. म्हणून मी उदाहरण एकच घेतो, टेबलावरचे पुश-अप. तेच आठ आठवडे चालवतो, पुढे सुट्टी लागली की तीही प्रयोगात धरतो, आणि चारही तत्त्वं मुलांच्या स्वतःच्या वहीतल्या आकड्यांतून काढतो. त्याची पद्धत पुढे दिली आहे.

आधी मोजणी, आणि तीही दोनदा

टेबल भिंतीला टेकवा, म्हणजे जोर लागल्यावर सरकणार नाही. दोन्ही हात टेबलाच्या कडेवर, खांद्यांपेक्षा थोडे रुंद. पाय मागे, टाचेपासून डोक्यापर्यंत अंग एका सरळ रेषेत. छाती कडेपासून एका मुठीच्या अंतरावर आली की पुश-अप खाली पूर्ण झाला, कोपर सरळ झाले की वर पूर्ण झाला. मी टाळ्यांचा ताल देतो: दोन टाळ्यांत खाली, एका टाळीत वर. ताल नसला की मुलं शेवटचे चार-पाच पुश-अप धडाधडा उरकतात आणि आकडा फुगतो.

जोडीदार मोजतो. त्याला नियम एकच सांगायचा: कंबर खाली झुकली, ढुंगण वर गेलं किंवा ताल चुकला की मोजणी तिथेच संपली. ‘अजून दोन जमतील, सर’ हे ऐकून घ्यायचं, पण लिहायचं नाही.

ही चाचणी दोन दिवसांच्या अंतराने पुन्हा घ्यायची आणि दुसऱ्या दिवसाचा आकडा खरा धरायचा. का, ते एका मुलीच्या वहीवरून सांगतो. तिला पहिल्या दिवशी ९ जमले, दुसऱ्या वेळी १२. दोन दिवसांत स्नायू वाढत नाहीत. तिला हात कुठे ठेवायचे आणि श्वास कधी सोडायचा हे समजलं, म्हणून तीन वाढले. मी ९ हाच पाया धरला असता, तर पुढे ते तीन पुश-अप माझ्या प्रशिक्षणाच्या खात्यावर जमा झाले असते. ‘आमच्या उपक्रमाने मुलांची ताकद इतकी वाढली’ छापाचे बरेच अहवाल अशाच पहिल्या दिवशीच्या आकड्यावर उभे असतात.

त्याच दिवशी आणखी एक चाचणी उरकून घ्या. भिंतीला पाठ टेकवून, गुडघे काटकोनात ठेवून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं बसायचं आणि किती सेकंद टिकतं ते लिहायचं. हीसुद्धा दोनदा. आमच्या मुलीचा आकडा ४८ सेकंद. मुलं विचारतील, ‘हे कशाला?’ आत्ता सांगायचं नाही.

पहिलं तत्त्व: दोन रेघा काढा

आता फळ्यावर दोन आडव्या रेघा काढा. वरच्या रेघेला नाव द्या ‘जमण्याची रेघ’, म्हणजे नीट तंत्राने जास्तीत जास्त किती जमतं. आमच्या मुलीसाठी ती १२ वर आहे. खालच्या रेघेला नाव द्या ‘सवयीची रेघ’, म्हणजे शरीराला एरवीच्या आठवड्यात जेवढं काम करायची सवय आहे तेवढं. वर्गात विचारा, ‘गेल्या आठवड्यात किती जणांनी पुश-अप मारले?’ दोन-तीन हात वर येतील. बाकीच्यांची सवयीची रेघ जवळजवळ शून्यावर आहे.

मग सांगा की आजपासून या मुलीने ८-८-८ असे तीन सेट करायचे, मधे दीड मिनिट विश्रांती. एक हुशार हात नक्की वर येतो: ‘सर, तिला १२ जमतात. मग ८ म्हणजे कमीच झाले की! ओव्हरलोड कुठे झाला?’

हा प्रश्न आला नाही तर तुम्हीच विचारा. उत्तर फळ्यावरच आहे. ओव्हरलोड सवयीच्या रेघेवरून मोजायचा, जमण्याच्या रेघेशी त्याचा संबंध नाही. एका दिवसात २४ पुश-अप, तेही थोडक्या विश्रांतीने, हे ज्या शरीराला शून्याची सवय आहे त्याच्यासाठी पुष्कळ आहे. भार सवयीच्या वर गेला, शरीराला दखल घ्यावी लागली, की ओव्हरलोड झाला. दोन रेघांमधली जागा खडूने रंगवा. प्रशिक्षण या पट्ट्यात होतं. खालच्या रेघेच्या खाली काम केलं तर काही बदलत नाही, आणि वरच्या रेघेला रोज धडका मारल्या तर तंत्र मोडतं, विश्रांतीला जास्त दिवस लागतात, दुसऱ्या दिवशी मूल व्यायाम टाळतं.

८ हा आकडा कुठून आला? कमाल आकड्याचा साधारण दोन तृतीयांश. हा काही निसर्गनियम नाही, पण वर्गात चालतो, कारण पहिल्या दोन सेटनंतरही तिसरा सेट नीट पुरा होतो. ज्याला ६ जमतात तो ४ करेल, ज्याला ३० जमतात तो २०. वर्ग एक, ताल एक, आकडे प्रत्येकाचे वेगळे. चाळीस जणांना सरसकट ‘वीस मारा’ म्हटलं की एखाद-दुसऱ्याला ते सवयीच्या खाली असतं आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांना जमण्याच्या वर.

याच ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. पुश-अप किंवा उठाबशा शिक्षा म्हणून देऊ नयेत. शिक्षेचा आकडा रागावर ठरतो, कुणाच्याच रेघेवर नाही. सवय नसलेल्या मुलाकडून एकदम शेकड्यांनी उठाबशा काढून घेतल्या तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यातलं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. हे क्वचित घडतं, पण घडतं. स्नायू सुजून टणक होणं, दुखणं असह्य होणं आणि लघवीचा रंग काळ्या चहासारखा होणं, अशी लक्षणं दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. मुलांना हे सांगितलं की ‘दमून पडेपर्यंत’वाली व्याख्या आपोआप गळते.

दुसरं तत्त्व: रेघा वर सरकतात, म्हणून भारही सरकवायचा

पहिल्या आठवड्यात एक दिवस आड, तीन वेळा ८-८-८ झालं. आता सवयीची रेघ कुठे आहे? मुलं स्वतःच म्हणतात, ‘वर आली, सर.’ डस्टरने जुनी रेघ पुसा, नवी थोडी वर काढा. आता तेच २४ पुश-अप रेघेच्या आसपास आले. पहिल्या आठवड्यात जो ओव्हरलोड होता तो तिसऱ्या आठवड्यात राहत नाही, पुश-अप तेवढेच असले तरी. ओव्हरलोड हा आजच्या दिवसाचा प्रश्न आहे: आजचं काम सवयीपेक्षा जास्त आहे का? प्रोग्रेशन हा आठवड्यांचा प्रश्न आहे: सवय वर सरकली तसा भार सरकवला का, आणि किती? फळ्यावर रेघ पुसून पुन्हा काढली की हा फरक मुलांना डोळ्यांनी दिसतो. माझ्या अनुभवात यापेक्षा कमी शब्दांत तो कळत नाही.

आमच्या मुलीची वही पुढे अशी गेली. दुसऱ्या आठवड्यात ९-९-९. तिसऱ्यात १०-१०-१०, पण बुधवारी शेवटच्या सेटला सातव्यानंतर कंबर झुकली. शुक्रवारी आकडा वाढवला नाही, तोच पुन्हा केला, आणि तो पुरा झाला. नियम इतकाच: ठरलेलं काम नीट तंत्राने पुरं झालं तर पुढची पायरी, नाहीतर तीच पायरी पुन्हा. चौथा आठवडा मुद्दाम हलका ठेवला, दोनच दिवस, ८-८. मुलांना हा आठवडा फुकट गेल्यासारखा वाटतो. त्यांना विचारायचं, ‘तालमीत माणूस कमकुवत होतो की बलवान?’ व्यायाम संपतो त्या क्षणी तो दमलेला, म्हणजे आधीपेक्षा कमकुवत असतो. भरपाई नंतर होते, झोपेत आणि मधल्या दिवसांत. दिवस आड करण्याचं कारणही हेच.

पाचव्या आठवड्यात भार वाढवायचा, पण आकडा नाही. आता टेबल सोडायचं आणि हात बाकाच्या बसायच्या फळीवर ठेवायचे. इथे वर्गात वजनकाटा आणा, कारण हा आख्ख्या उपक्रमातला सगळ्यात मजेचा तास आहे. साधा, पायाने उभं राहायचा काटा चालतो. तो आधी टेबलावर ठेवा. मुलाने दोन्ही हात काट्यावर ठेवून पुश-अपच्या वरच्या स्थितीत स्थिर राहायचं, दुसऱ्याने आकडा वाचायचा. मग काटा बाकावर, मग जमिनीवर. हात जसजसे खाली, तसतसं हातांवर येणारं वजन जास्त. जमिनीवरच्या पुश-अपला शरीराच्या वजनाच्या सुमारे ६४ टक्के भार हातांवर येतो, हात ३० सेंटीमीटर उंचीवर असतील तर सुमारे ५५ टक्के, ६० सेंटीमीटरवर सुमारे ४१ टक्के. काट्यावर एवढे चोख आकडे येणार नाहीत, पण क्रम चुकत नाही. कोपर वाकवून खाली गेलं की आकडा आणखी चढतो, तेही मुलांना बघू द्या.

४६ किलोच्या आमच्या मुलीचा आकडा टेबलावर १६ किलो आला, बाकावर २२. पाचव्या आठवड्यात तिला बाकावर ६-६-६ दिले. लगेच तक्रार: ‘तीसवरून अठरावर? ही प्रगती आहे का?’ मग फळ्यावर गुणाकार केला. तिसऱ्या आठवड्यात १६ किलो गुणिले ३०, म्हणजे ४८०. पाचव्यात २२ गुणिले १८, म्हणजे ३९६. सहाव्यात ७-७-७, म्हणजे ४६२. सातव्यात ८-८-८, म्हणजे ५२८. हिशेब ढोबळ आहे, कारण खाली जाताना भार बदलतो. पण एक गोष्ट स्पष्ट दिसते: प्रत्येक पुश-अप जड झाला तेव्हा आपण संख्या मुद्दाम कमी केली, आणि मग ती हळूहळू भरून काढत जुना आकडा ओलांडला. उंची कमी केली आणि त्याच वेळी संख्याही वाढवली असती, तर मनगटं आणि खांदे कुरकुरले असते, आणि दुखणं नेमकं कशामुळे, तेही कळलं नसतं. एका वेळी एकाच गोष्टीतून भार वाढवायचा, मग ती उंची असो, संख्या, विश्रांतीचा वेळ किंवा आठवड्यातले दिवस.

पुस्तकांत इथे हमखास क्रोटोनच्या मायलोची गोष्ट येते. हा प्राचीन ग्रीक पैलवान रोज एक वासरू उचलायचा, वासरू वाढत गेलं आणि तो बैल उचलू लागला. गोष्ट छान आहे, पण मी ती शेवटी सांगतो आणि मुलांनाच तिच्यातली चूक शोधायला लावतो. वासरू मायलोच्या तब्येतीकडे बघून वाढत नाही. त्याला हलका आठवडा नाही, बुधवारी कंबर झुकली म्हणून शुक्रवारी ते थांबत नाही. शिवाय गोष्ट खरी मानली तर वाढीला अंतच नाही, आणि प्रत्यक्षात सुरुवातीची झपाट्याची वाढ नंतर मंदावते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांच्या पायांची ताकद परत आणण्यासाठी हीच कल्पना माणसाच्या मापाने बसवली. दहा वेळा उचलता येईल तेवढं वजन आधी शोधायचं, त्यावरून सेटचा भार ठरवायचा आणि क्षमता वाढली की पुन्हा मोजायचं. मोजून वाढवायचं, वाढवून पुन्हा मोजायचं. मुलांच्या वहीत जे चाललंय ते तेच आहे.

एक प्रश्न मुलगे हमखास विचारतात: ‘सर, आकडा वाढला, पण दंड तर तेवढेच!’ खरं उत्तर द्यायचं. पहिल्या काही आठवड्यांतली वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची असते. मेंदू आहेत त्याच स्नायूंतले जास्त तंतू एकदम आणि योग्य क्रमाने कामाला लावायला शिकतो. वयात यायच्या आधी तर ताकद जवळजवळ अशीच वाढते. आरशात बघून निराश होण्यापेक्षा वही बघावी.

तिसरं तत्त्व: ४८ सेकंदांचं गुपित

आठव्या आठवड्यात पुन्हा चाचणी. टेबलावर १२ वरून १९. वर्गात टाळ्या पडतात. मग लगेच भिंतीला टेकून बसायची चाचणी घ्या. ४८ सेकंद होते, आता ५१. क्षणभर शांतता असते, मग कुणीतरी म्हणतं, ‘पण आपण पायांचं काही केलंच नाही!’ स्पेसिफिसिटीची व्याख्या मुलाच्या तोंडून आली. ती त्याच शब्दांत फळ्यावर लिहा.

दोन रेघांची भाषा इथेही चालते: प्रत्येक कामाच्या रेघा वेगळ्या. पुश-अपच्या रेघा वर गेल्या म्हणून भिंतीच्या बैठकीच्या रेघा वर जात नाहीत. ज्या स्नायूंनी, ज्या हालचालीने, ज्या वेगाने काम केलं, त्यांचंच सुधारतं. पेराल तेच उगवेल.

पण मुलं हे तत्त्व ‘कोणता स्नायू’ एवढ्यावरच थांबवतात, म्हणून एक पायरी पुढे न्यावं. बाकावर बसल्या बसल्या होणारा प्रयोग असा: दहा दिवस रोज दोन मिनिटं, जो हात लिहायचा नाही त्या हाताने एकच वाक्य लिहायचं. पहिल्या आणि दहाव्या दिवशी दोन मिनिटांत वाचता येतील अशी किती अक्षरं झाली ते मोजायचं. आकडा वाढतो. त्या हाताची पकड मात्र तेवढ्याने बलवान होत नाही. बोटं तीच, पण त्यांना जे काम दिलं ते ताकदीचं नव्हतंच. उलट बाजूने, जो मुलगा पुश-अप अगदी सावकाश मारतो त्याला सावकाश जोर लावणं जमतं. चेंडू लांब फेकायचा असेल तर झटक्याने जोर लावायचा सराव वेगळा करावा लागतो.

शरीर हे किती कडक पाळतं याचा ठळक नमुना टेनिसपटूंच्या हातात सापडतो. लहानपणापासून खेळणाऱ्यांच्या रॅकेटच्या हाताची हाडं दुसऱ्या हातापेक्षा जाड आणि भक्कम असतात. माणूस एकच, आहार एकच, झोप एकच, तरी दोन हातांत फरक.

अपवादही प्रामाणिकपणे सांगावा, कारण एखादा विद्यार्थी शोधून काढतोच. एका हाताने ताकदीचा व्यायाम केला तर दुसऱ्या हाताची ताकदही थोडी वाढते, कारण शिकणाऱ्यांत मेंदूही असतो. आणि अगदी नवख्या, बैठ्या मुलाला कुठलाही व्यायाम दिला तरी पहिले काही आठवडे सगळंच थोडं सुधारतं. त्यामुळे भिंतीच्या चाचणीत कुणाचा आकडा आठ-दहा सेकंदांनी वाढलेला दिसला तर घाबरायचं नाही. तो मुलगा याच काळात फुटबॉल खेळायला लागला का, ते विचारायचं. बहुतेक वेळा उत्तर तिथे असतं.

चौथं तत्त्व: सुट्टी

रिव्हर्सिबिलिटी दाखवण्यासाठी मुलांना व्यायाम बंद करायला सांगू नका. मोठी सुट्टी ते काम फुकटात करून देते. सुट्टीआधीचा आकडा लिहून ठेवा आणि परतल्यावर पहिल्याच आठवड्यात, तालमीशिवाय, चाचणी घ्या.

आधी अंदाज लिहायला लावा. बरीच मुलं लिहितात, ‘पुन्हा १२.’ काही लिहितात, ‘१९, कारण मी घरी क्रिकेट खेळलो.’ आमच्या मुलीला चार आठवड्यांनी १५ जमले. म्हणजे मिळवलेल्या सातपैकी चार गेले, तीन राहिले. ताकद तशी चिवट असते, दोन-तीन आठवड्यांच्या खंडात फारशी हलत नाही, त्यानंतर ओसरायला लागते. दम मात्र लवकर जातो. धावणारी मुलं दोन आठवड्यांनीच ‘धाप लागतेय’ म्हणू लागतात, कारण सराव थांबल्यावर काही दिवसांतच रक्तातला द्रवभाग कमी होतो आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं. वर्गात धावण्याची चाचणीही ठेवली असेल तर हा फरक शेजारी शेजारी ठेवून दाखवता येतो.

याचं टोक दाखवणारा एक प्रसिद्ध प्रयोग १९६६ मध्ये अमेरिकेत डलासला झाला. विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं. शरीराची जास्तीत जास्त प्राणवायू वापरण्याची क्षमता सरासरी चौथ्या हिश्शाहून जास्त घटली. त्याच पाच जणांची तीस वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा वय वाढल्यामुळे झालेली घट त्या तीन आठवड्यांतल्या घटीपेक्षा कमी निघाली. हे सांगितलं की मागच्या बाकांवरही गप्पा थांबतात.

दोन गैरसमज इथेच निपटून टाकावेत. एक, ‘व्यायाम सोडला की स्नायूंची चरबी होते.’ स्नायू आणि चरबी या वेगळ्या पेशी आहेत, एकाचं दुसऱ्यात रूपांतर होत नाही. स्नायू बारीक होतो, आणि खाणं तेवढंच राहिलं तर चरबी वेगळी साठते. दुसरा, ‘एकदा सुटलं की सगळं पाण्यात.’ पुन्हा सुरुवात केली की गमावलेलं पहिल्यापेक्षा लवकर येतं. आणि सुट्टीत आठवड्यातून एकदाच, पण तेवढ्याच जड भाराने सराव चालू ठेवला तरी बरंच टिकतं. एकदा करायचं असेल तर उंची बाकाचीच ठेवायची आणि सेट कमी करायचे. टेबलावर जाऊन पुष्कळ मारायचे नाहीत.

आता रेघांकडे परत या, कारण पुढची चूक तिथूनच कळते. चार आठवड्यांत जमण्याची रेघ १९ वरून १५ वर आली. सवयीची रेघ मात्र पार तळाला गेली, कारण चार आठवडे काहीच केलं नाही. मूल पहिल्या दिवशी जोशात येतं, १५ जमतात म्हणून १५-१५-१५ करायला बघतं, आणि दोन दिवस हात वर करून केस विंचरता येत नाहीत. व्यायामानंतर एक ते तीन दिवस स्नायूंत पसरलेलं, दाबलं की जाणवणारं दुखणं सवय मोडल्याचं असतं, ते आपोआप जातं. एका बोटाने दाखवता येईल असं सांध्यातलं दुखणं, मनगटात किंवा खांद्यात, आणि व्यायाम करतानाच वाढणारं, हे वेगळं. तिथे थांबायचं.

आकडे खोटं बोलतात तेव्हा

तीन ठिकाणी वही फसवते. पहिलं, मोजणारा मित्र असतो. आकडा एका आठवड्यात पाच-सहाने उडी मारत असेल तर पुढची चाचणी तुम्ही स्वतः, बाजूने बसून, कंबरेवर नजर ठेवून मोजा.

दुसरं, या वयात मुलं मोजतामोजता वाढतात. एका मुलाचा आकडा दोन महिने १४ वरच अडला होता आणि तो खट्टू झाला होता. वजन बघितलं तर चार किलो वाढलं होतं, उंचीही. म्हणजे तो प्रत्येक वेळी जास्त वजन, जास्त लांब तरफेवर उचलत होता. त्याला काट्यावर हात ठेवायला लावले, आधीचा आणि आताचा आकडा शेजारी लिहिला, आणि त्याची समजूत आकड्यानेच काढली. म्हणून चाचणीच्या दिवशी काट्याचा आकडाही लिहून ठेवावा. मात्र शरीराचं वजन वर्गासमोर वाचू नये, ते ज्याचं त्याच्या वहीत राहू दे.

तिसरं, क्रमवारी. भिंतीवर चाळीस जणांची यादी लावली की प्रयोग संपला आणि स्पर्धा सुरू झाली. ६ वरून ११ वर गेलेली मुलगी ३० वरून ३१ वर गेलेल्या मुलाच्या खाली दिसते, आणि ओव्हरलोड व प्रोग्रेशन कुणाला जास्त कळलं हे नेमकं उलटं वाचलं जातं. फळ्यावर फक्त दोन रेघा आणि नाव नसलेले आकडे ठेवा.

सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला आमच्या मुलीला मी काही सांगितलं नाही, फक्त विचारलं, ‘किती घेणार?’ तिने वही मागे उलटली, पहिल्या आठवड्याचं पान काढलं आणि टेबलापाशी जाऊन ८-८-८ केले. शेजारच्याने विचारलं, ‘पंधरा जमतात ना तुला?’ ती म्हणाली, ‘जमतात, पण सवय नाहीये.’ तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तिचा टेबलावरचा आकडा १८ होता.